तिसरी शाखा नेमकी किती मागे आहे?

समजा, तुमच्या तीन शाखांची महिन्याची विक्री सारखीच आहे, 6 लाख. पहिलीत 2 माणसं, भाडं 8 हजार. दुसरीत 4 माणसं, भाडं 4 हजार. तिसरीत 4 माणसं, भाडं 8 हजार.

डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिसमध्ये प्रत्येक शाखेसाठी एक वेगळं गणित एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये सुटतं: शाखांचं मिश्रण करून तेवढीच विक्री किती कमी साधनांत होईल? पहिली-दुसरी निम्मी-निम्मी घेतली, तर 3 माणसं आणि 6 हजार भाडं पुरतं. हे तिसरीच्या दोन्ही आकड्यांच्या 75 टक्के, म्हणून तिचा स्कोअर 75. पहिल्या दोघींना 100, कारण त्यांना मागे टाकणारं मिश्रणच नाही.

पण 100 म्हणजे फक्त तुमच्याच शाखांमध्ये पुढे. आणि तीनच शाखांना पाच-सहा निकष लावलेत, तर बहुधा सगळ्याच 100 दाखवतील!