ताकीद द्यायची, तर नेमकी द्या

सहकाऱ्याला त्रास दिल्याचं चौकशीत सिद्ध झालं, पण नोकरीवरून काढण्याइतकं ते गंभीर नाही असं ठरलं, की व्यवस्थापन लेखी ताकीद देतं. ही पत्रं बहुधा एकाच साच्यातली असतात. ‘आपले वर्तन शिस्तीस धरून नसल्याचे निदर्शनास आले आहे. यापुढे सुधारणा करावी, अन्यथा कठोर कारवाई करण्यात येईल.’ एवढ्या मजकुरावरून नेमकं काय बदलायचं, हे पत्र मिळालेल्याला कळत नाही. वर्षभराने तोच प्रकार पुन्हा घडला आणि नव्या अधिकाऱ्याने फाईल उघडली, तर आधी काय घडलं होतं याचा त्यालाही पत्ता लागत नाही. तक्रार करणाऱ्याने एवढं धैर्य दाखवून काय मिळवलं, हा प्रश्न मग उरतोच.

समजा, औषधं बनवणाऱ्या एका कारखान्याची प्रयोगशाळा आहे. तिथल्या पर्यवेक्षकाविरुद्ध एका कनिष्ठ रसायनतज्ज्ञ मुलीने तक्रार केली. तिचे आरोप पाच होते. सकाळच्या बैठकीत त्याने तीन वेळा सगळ्यांसमोर तिचा चाचणी-अहवाल फडकावत ‘डोक्यात भुसा भरलाय का?’ असं विचारलं. रात्री अकरानंतर विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या इंग्रजीची टिंगल केली. पाळ्यांच्या ग्रुपमधून तिला काढून टाकलं, त्यामुळे नव्या यंत्राचं प्रशिक्षण चुकलं. तिची रजा नाकारली. एकदा केबिनमध्ये टेबलावर मूठ आपटून धमकावलं.

चौकशीत पहिले तीन आरोप सिद्ध झाले. बैठकीतल्या प्रसंगांना साक्षीदार होते आणि ग्रुपवरचे संदेश उपलब्ध होते. रजा मात्र त्या आठवड्यात कारखान्याची तपासणी असल्यामुळे सगळ्यांचीच नाकारली होती. केबिनमधल्या प्रसंगाबद्दल दोघांची विधानं परस्परविरोधी होती आणि तिसरा पुरावा नव्हता. अशा चौकशीत फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. घटना घडली असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त दिसली, तरी पुरतं. पण केबिनच्या प्रसंगाबाबत तेवढंही ठरवता आलं नाही.

पत्र लिहिताना पहिली कसोटी इथेच लागते. सिद्ध न झालेल्या दोन आरोपांची पत्रात सावलीही पडता कामा नये. ‘आपल्याविरुद्ध अनेक गंभीर तक्रारी आहेत’ असं एखादं वाक्य घुसलं, तर अपिलात त्यावरच बोट ठेवलं जातं आणि सिद्ध झालेले तीन आरोपही डळमळतात.

सिद्ध झालेलं वर्तन लिहिताना विशेषणं बाजूला ठेवावीत. ‘आपण उद्धट आणि अहंकारी आहात’ हा स्वभावावरचा शेरा झाला, त्यावर माणूस वाद घालत बसतो. त्याऐवजी असं लिहावं : ‘अमुक तारखांच्या सकाळच्या बैठकींत आपण कनिष्ठ सहकाऱ्याचा अहवाल इतरांसमोर हातात धरून “डोक्यात भुसा भरलाय का?” हे शब्द वापरले.’ तारीख, जागा, शब्द आणि झालेला परिणाम एवढं आलं की मजकुराला वजन येतं. पाळ्यांच्या ग्रुपमधून काढल्याने प्रशिक्षण चुकलं, हा परिणामही लिहायलाच हवा, कारण तिच्या कामाचं खरं नुकसान तिथे झालं आहे.

अपेक्षित बदलाच्या परिच्छेदाकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. ‘सर्वांशी आदराने वागावे’ ही अपेक्षा चांगली असली, तरी ती पाळली की नाही हे कसं ठरवणार? तिऱ्हाईताला पाहता येईल अशी अपेक्षा हवी. अहवालातली चूक त्या व्यक्तीला एकट्यात किंवा लेखी दाखवावी, कोणता आकडा किंवा कोणती पायरी चुकली ते सांगावं. विभागाच्या ग्रुपवर कामाव्यतिरिक्त व्यक्तिगत शेरे टाकू नयेत. पाळ्या आणि प्रशिक्षणाची सूचना विभागातल्या प्रत्येकाला एकाच वेळी द्यावी. तक्रारदाराला किंवा साक्षीदारांना प्रत्यक्ष वा आडून त्रास दिल्यास ते स्वतंत्र गैरवर्तन मानलं जाईल, हेही इथेच स्पष्ट सांगावं.

त्याच परिच्छेदात आणखी एक वाक्य आवश्यक आहे : चुका दाखवण्याचा, काम परत पाठवण्याचा, शिस्त राखण्याचा पर्यवेक्षकाचा अधिकार कायम आहे. औषधाच्या चाचणीत चूक खपवून घेणं धोक्याचं असतं. ऑस्ट्रेलियाच्या कामगार कायद्यात छळाची व्याख्याच अशी आहे की वागणं वारंवार, अवाजवी आणि आरोग्याला धोका निर्माण करणारं असावं. वाजवी रीतीने केलेली वाजवी व्यवस्थापकीय कारवाई त्यात मोडत नाही. आपल्याकडे लैंगिक छळासाठी २०१३ चा स्वतंत्र कायदा आहे, पण कामाच्या ठिकाणच्या इतर छळाची अशी नेमकी व्याख्या करणारा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून संस्थेचे सेवानियम आणि हे पत्र यांनीच ती रेघ आखावी लागते. जातिवाचक अपमान किंवा मारहाण असेल, तर मात्र ताकीद देऊन प्रकरण मिटत नाही. तिथे फौजदारी कायदा लागू होतो.

आता परिणामांबद्दल. ‘पुन्हा असे घडल्यास तत्काळ बडतर्फ करण्यात येईल’ हे वाक्य दमदार वाटतं, पण ते लिहू नये. नवा प्रकार घडला, तर नवा आरोप ठेवावा लागतो, म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, चौकशी करावी लागते. ते टाळून केलेली बडतर्फी न्यायालयात टिकणं कठीण. शिवाय ताकीद ही या तीन प्रसंगांसाठीची शिक्षाच असते, त्याच प्रसंगांसाठी दुसऱ्यांदा शिक्षा करता येत नाही. म्हणून मजकूर असा हवा : ‘या पत्राच्या तारखेपासून बारा महिन्यांत अशाच स्वरूपाचे वर्तन चौकशीअंती सिद्ध झाल्यास, शिक्षा ठरवताना ही ताकीद विचारात घेतली जाईल आणि ती शिक्षा सेवासमाप्तीपर्यंत जाऊ शकेल.’ मुदत किती ठेवायची ते सेवानियमांवर अवलंबून आहे, पण मुदत असावी.

पुढे खरोखरच या ताकिदीच्या आधारे मोठी शिक्षा द्यायची वेळ आली, तर तेही कर्मचाऱ्याला आधी कळवावं लागतं. मैसूर राज्य विरुद्ध मांचे गौडा या १९६० च्या दशकातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं : पूर्वीची नोंद शिक्षेसाठी वापरणार असाल, तर नोटिशीत तसं नमूद करा, म्हणजे त्या माणसाला उत्तर देता येईल. आज लिहिलेल्या पत्रातल्या तारखा आणि शब्द उद्या त्या नोटिशीत उतरवायचे असतात, म्हणूनच ते काटेकोर हवेत.

पत्र टेबलावर ठेवून निघून जाऊ नये. समोर बसवून वाचून दाखवावं, अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करता येईल ते त्यात लिहिलेलं असावं. सही ही केवळ पत्र मिळाल्याची आहे, मजकूर मान्य असल्याची नाही, हे सहीच्या जागेवर छापावं. त्यामुळे बरेच जण वाद न घालता सही करतात. तरीही नकार दिला, तर दोन साक्षीदारांसमोर तशी नोंद करून पत्र पोचपावती मिळेल अशा टपालाने घरी पाठवावं.

त्या मुलीला पत्राची प्रत मिळत नाही, तो पर्यवेक्षकाच्या सेवा-नोंदीचा भाग आहे. पण तक्रार सिद्ध झाली, कारवाई झाली आणि सूड उगवला गेल्यास कुणाकडे यायचं, एवढं तिला लेखी कळायला हवं. तिचं चुकलेलं प्रशिक्षणही पुन्हा द्यावं. महिन्याने आणि तीन महिन्यांनी मनुष्यबळ विभागाने तिला एकटीला भेटून विचारावं की बैठकीत काय घडतं, ग्रुपवर ती आहे का, पुढच्या प्रशिक्षणाच्या यादीत तिचं नाव लागलं का. ही उत्तरं तारखेसह पत्रामागे जोडून ठेवावीत.