उशिरा येण्याची परवानगी

२७ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने विद्यार्थी-व्हिसाच्या मुलाखतींना नव्या तारखा देणे थांबवले. जूनच्या उत्तरार्धात ते पुन्हा सुरू झाले खरे, पण माझ्या एका विद्यार्थिनीला तारीख मिळाली ती २२ ऑगस्टची. तिचे वर्ग सुरू व्हायचे होते १८ ऑगस्टला!

तिने ई-मेल लिहून मला दाखवला. ‘व्हिसाला उशीर होत आहे, कृपया मला उशिरा येऊ द्यावे.’ नम्र आहे, बिनचूक आहे. पण हे वाचून तिकडच्या कारकुनाने करायचे काय? किती उशीर, ते कुठे आहे?

तिकडची अडचण आधी समजून घ्या. विद्यापीठ आय-२० नावाचा जो दाखला देते, त्यावर अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख असते. त्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत विद्यार्थी हजर झाल्याची नोंद विद्यापीठाला सरकारी संगणकात करावी लागते. शिवाय बुडालेल्या तासांचा प्रश्न असतोच. म्हणून बहुतेक विद्यापीठे आपली अशी एक शेवटची तारीख ठरवून ठेवतात. ती कोणती, हेच तर विचारायचे!

आम्ही दोघे कॅलेंडर घेऊन बसलो. मुलाखत २२ ला. पण पासपोर्ट काही त्याच दिवशी हातात पडत नाही. त्याला एक आठवडा धरला, २९ तारीख झाली. विमान ३० ला. पुढे १ सप्टेंबर, सोमवार, म्हणजे तिकडच्या कामगार दिनाची सुट्टी. तेव्हा हजर होण्याचा खरा दिवस २ सप्टेंबर.

मग पत्र असे झाले (अर्थात इंग्रजीत): ‘माझी मुलाखत २२ ऑगस्टला आहे; तिची पावती जोडली आहे. लवकरच्या तारखेसाठीही अर्ज केला आहे. व्हिसा मिळाल्यास मी २ सप्टेंबरला हजर होऊ शकेन. हे चालेल का? चालत असल्यास सुरुवातीची तारीख बदलून नवा आय-२० द्याल का? नसल्यास माझा प्रवेश जानेवारीच्या सत्रात नेता येईल का?’ विषयाच्या ओळीत नाव, विद्यार्थी क्रमांक आणि ‘Late arrival request, Fall 2025’ एवढेच.

पत्र आधी विभागाला गेले. बुडालेल्या तासांबद्दल विभागाची हरकत नाही, असे उत्तर आल्यावर ते सोबत जोडून परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाकडे. हा क्रम उलटा केला तर ते कार्यालय बहुधा विभागाकडेच बोट दाखवते, आणि त्यात चार दिवस जातात.

नव्या आय-२० चा आग्रह का? ‘या, हरकत नाही’ एवढ्या उत्तरावर विसंबून मुली तिकीट काढतात. पण मुलाखतीत आणि विमानतळावर अधिकारी पाहतो तो कागद. त्यावरची तारीख उलटून गेलेली असली, तर तो विचारणारच. नोंदणीचा क्रमांक तोच राहिला, तर त्याची फी मात्र पुन्हा भरावी लागत नाही.

तिला उत्तर आले तिसऱ्या दिवशी: २ सप्टेंबर चालेल, ५ नंतर नाही. तिकीट आम्ही पासपोर्ट हातात आल्यावरच काढले.