सर्दीची डोकेदुखी: वाफ आणि मीठपाणी

गालांच्या आणि कपाळाच्या हाडांमध्ये हवेच्या पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. त्या नाकात बारीक छिद्रांनी उघडतात. सर्दीत नाकाचे अस्तर सुजले की ही छिद्रे बुजतात, आत स्राव साचतो आणि दाब वाढतो. म्हणूनच खाली वाकल्यावर कपाळ किंवा गाल जास्त ठणकतात.

वाफेने घट्ट शेंबूड सैल होतो आणि नाक काही वेळ मोकळे वाटते. सूज मात्र तिने उतरत नाही. सायनसचा त्रास वारंवार होणाऱ्या रुग्णांवर इंग्लंडमध्ये झालेला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात वाफेने डोकेदुखी थोडी कमी झाली, पण बाकी तक्रारींत विशेष फरक पडला नाही. मीठपाण्याने नाक धुण्याचा फायदा त्याहून जास्त दिसला, तरी तोही माफकच होता.

मीठपाणी साचलेला स्राव प्रत्यक्ष धुऊन काढते. एक पेला, म्हणजे साधारण 240 मिली पाण्याला सपाट अर्ध्या चमच्याहून थोडे कमी मीठ पुरते. ही खारटता शरीरातील द्रवाच्या जवळपास असल्याने नाक चुरचुरत नाही. नळाचे पाणी थेट वापरू नये. अमेरिकेतील लुइझियानात 2011 साली नेतीपात्रात नळाचे पाणी वापरणाऱ्या दोघांचा मेंदूत अमिबा शिरून मृत्यू झाला. पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळावे आणि कोमट होईपर्यंत थांबावे. बेसिनवर वाकून मान एका बाजूला वळवावी, तोंडाने श्वास घ्यावा आणि वरच्या नाकपुडीतून पाणी हळूहळू सोडावे. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. कान दडपल्यासारखा झाला किंवा दुखू लागला, तर थांबावे. नंतर भांडे धुऊन वाळवावे.

वाफ घेताना भाजते ते बहुधा पातेले कलंडल्याने. मांडीवर किंवा पलंगावर पातेले ठेवून डोक्यावरून टॉवेल ओढला, की आजूबाजूचे काही दिसत नाही. मुलाने टॉवेल ओढला किंवा ठसका लागून माणूस दचकला, तरी उकळते पाणी पोटावर आणि मांड्यांवर सांडते. म्हणून पातेले रुंद बुडाचे, जड आणि अर्धेच भरलेले असावे. ते भक्कम टेबलावर भिंतीच्या बाजूला ठेवावे, आणि गॅसवरून उतरवल्यावर थोडा वेळ थांबून मगच वाफ घ्यावी. चेहरा हातभर लांब आणि डोळे मिटलेले असावेत. चटका बसू लागला की मागे सरकावे. लहान मुलांना अशी वाफ देऊच नये. त्यांच्यासाठी गरम पाण्याचा नळ सोडून दमट झालेल्या न्हाणीघरात मोठ्या माणसासोबत थोडा वेळ बसणे पुरते.

भाजलेच, तर ओले कपडे आणि दागिने लगेच काढावेत. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नये. भाजलेल्या जागेवर नळाचे थंड पाणी 20 मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. फोड आले असतील, चेहरा किंवा जांघ भाजली असेल किंवा मूल भाजले असेल, तर तडक दवाखाना गाठावा.