मुलगा फंडातून बाहेर, पेन्शनमध्ये आत

लेखमाला : घरातला माणूस गेल्यावर (भाग ६)

मागच्या भागात बँकेची खाती आणि लॉकर पाहिले. तिथे वारस एकदा ठरले की बहुतेक काम मार्गी लागते. नोकरीतल्या पैशांचे तसे नाही. खासगी कंपनीत नोकरी करणारा माणूस सेवेत असताना गेला, तर त्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि कुटुंबनिवृत्तीवेतन एकाच टाइम ऑफिसच्या टेबलावरून सुरू होतात, पण तिन्हींचे नियम वेगळे आहेत आणि ‘कुटुंब’ कोणाला म्हणायचे याचे उत्तरही तिन्हीकडे वेगवेगळे आहे. एचआरचा माणूस मात्र तिन्हींसाठी एकच यादी हातात ठेवतो आणि वरून ‘कोर्टाचा वारस दाखला आणा’ असे सांगतो. घरच्यांची पहिली दमछाक इथेच होते.

एक कुटुंब डोळ्यांसमोर ठेवू. नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक फिटर १ जून १९९९ रोजी नोकरीला लागला. डिसेंबर २००० मध्ये त्याचे लग्न झाले. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी तो गेला. मागे बायको, २२ वर्षांचा मुलगा, १९ वर्षांची अविवाहित मुलगी आणि पूर्णपणे त्याच्यावर अवलंबून असलेली आई. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २२,००० रुपये. फंडाच्या खात्यात ९,६०,००० रुपये शिल्लक.

कंपनीच्या कपाटात त्याचा नामनिर्देशनाचा कागद सापडला : १९९९ सालचा फॉर्म २, त्यावर आईचे नाव. एचआरने लगेच सांगून टाकले की फंडाचे पैसे त्या आईला, म्हणजे मुलांच्या आजीला मिळतील. हे चूक आहे. १९५२च्या भविष्यनिर्वाह निधी योजनेचा परिच्छेद ६१ स्पष्ट सांगतो की लग्न झाल्यावर सभासदाने नव्याने नामनिर्देशन करायचे असते आणि लग्नाआधी केलेले नामनिर्देशन रद्द समजले जाते. मग ते आईच्या नावे असो वा भावाच्या. आपल्याकडे नोकरीला लागल्या दिवशी भरलेला हा कागद पुढे कोणी पाहत नाही, त्यामुळे असे रद्द झालेले कागद कपाटाकपाटांतून पडून आहेत. ऑनलाइन ई-नॉमिनेशन केलेले असते तर नॉमिनीला आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून घरबसल्या दावा करता आला असता. इथे ते नव्हते.

नामनिर्देशन नसेल तर परिच्छेद ७० लागू होतो. पैसे कुटुंबातल्या माणसांना समान वाटायचे. कुटुंबात बायको, मुले आणि आश्रित आईवडील येतात, पण त्यातून काही जण वगळले आहेत : सज्ञान मुलगा, आणि जिचा नवरा हयात आहे अशी विवाहित मुलगी. कुटुंबात दुसरे कोणी असेल तर या दोघांना हिस्सा नाही. म्हणजे आपल्या उदाहरणात २२ वर्षांचा मुलगा बाहेर. बायको, मुलगी आणि आजी अशा तिघींना प्रत्येकी ३,२०,००० रुपये. मुलीचे लग्न झालेले असते तर तीही बाहेर गेली असती आणि रक्कम बायको व आजी यांच्यात अर्धी अर्धी झाली असती.

मुलाला हे ऐकून धक्का बसतो, आणि तो साहजिक आहे. वडिलांच्या मागे धावपळ तोच करत असतो, फॉर्मही तोच भरत असतो. पण नियम १९५२ सालचे आहेत. कमावता होऊ शकेल अशा मुलाआधी घरातल्या बायकांचा विचार त्यांत केला आहे. मुली आणि मुले यांना इतके वेगळे वागवणे आज खटकते, तरी हिशेब याच नियमाने होतो. तहसीलदाराच्या दाखल्यावर मुलाचे नाव आहे म्हणून फंडात त्याचा वाटा निर्माण होत नाही. उलट कुटुंब हयात असताना फंडाच्या वाटणीसाठी न्यायालयाकडून वारसा ठरवून आणण्याचीही गरज नसते. लागते ती हयात कुटुंबीयांची यादी, वयांसह आणि नात्यांसह. आजी ‘आश्रित’ होती हेही त्यात दिसले पाहिजे. तिला स्वतःचे पेन्शन असते तर तिच्या हिश्शावर प्रश्न उभा राहिला असता.

फंडासोबतच एक चौथी रक्कम असते आणि ती बहुतेकांना कोणी सांगत नाही. कर्मचारी ठेव संलग्न विमा योजना, १९७६. फंडाचा सभासद सेवेत असताना गेला की तिचे पैसे मिळतात, आणि त्यासाठी कामगाराच्या पगारातून काहीच कापलेले नसते. हिशेब असा : शेवटच्या बारा महिन्यांचा सरासरी पगार, पण जास्तीत जास्त १५,०००, गुणिले ३५, म्हणजे ५,२५,०००. त्यात फंडातल्या सरासरी शिलकीचा निम्मा भाग, कमाल १,७५,०००. आपल्या फिटरचे दोन्ही आकडे कमाल मर्यादेला टेकतात, म्हणून ७,००,००० रुपये. वाटणी फंडासारखीच. कंपनीने या योजनेतून सूट घेऊन स्वतःचा गट विमा काढलेला असेल तर दावा त्या विम्यावर जातो. म्हणून एचआरला पहिल्याच भेटीत विचारा की विमा भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडे आहे की बाहेर.

आता पेन्शन. १९९५ची कर्मचारी निवृत्तीवेतन योजना नामनिर्देशनाकडे पाहतच नाही, कुटुंब असेल तर थेट कुटुंबाला देते. इथे कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी आणि २५ वर्षांखालची मुले. सभासदाने एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी हे पेन्शन सुरू होते. दहा वर्षांच्या सेवेची अट हयात माणसाच्या स्वतःच्या पेन्शनला आहे, विधवेच्या पेन्शनला नाही. ‘सर्व्हिस कमी पडली’ म्हणून कोणी परत पाठवत असेल तर हे लक्षात ठेवावे.

आपल्या उदाहरणात बायकोचे पेन्शन साडेतीन हजारांच्या आसपास निघते. ढोबळ मानाने ३,६०० धरू. प्रत्येक मुलाला त्याच्या २५ टक्के म्हणजे ९००, एका वेळी दोन मुलांना, वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत. फंडातून बाहेर पडलेला मुलगा इथे परत आत येतो. त्याला डिसेंबर २०२६ पर्यंत महिना ९०० रुपये मिळतील. आजी मात्र इथे नाही. आश्रित आईवडिलांना पेन्शन मिळते ते पत्नी आणि पात्र मुले नसतील आणि पेन्शनसाठी कोणी नॉमिनी नसेल तेव्हाच.

आकडा लहान दिसतो, आणि तो लहानच आहे. बावीस हजार पगारावर साडेतीन हजार का, हा प्रश्न दर घरात येतो. पेन्शनचा पगार सप्टेंबर २०१४ पासून १५,००० वर आणि त्याआधीच्या सेवेसाठी ६,५०० वर थांबवलेला आहे. खरा पगार किती होता याला तिथे अर्थ उरत नाही. किमान पेन्शन १,००० रुपये आहे.

या तिन्ही दाव्यांना, म्हणजे फंड, विमा आणि पेन्शन यांना, आता मृत्यूच्या प्रकरणांसाठीचा एकच संयुक्त दावा अर्ज आहे. पूर्वी फॉर्म २०, ५-आयएफ आणि १०-डी असे वेगळे भरावे लागत. हिस्सेदार तीन असतील तर अर्ज तीन, प्रत्येकीच्या स्वतःच्या बँक खात्यासह. जोडायचे कागद मोजकेच आहेत : महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला, नाव छापलेला कॅन्सल्ड चेक, आधार, फोटो, मुलांच्या जन्मतारखेचा पुरावा आणि ती कुटुंबीयांची यादी. अर्जावर कंपनीची सही-शिक्का लागतो. कंपनी बंद पडली असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा बँक मॅनेजरकडून साक्षांकन करून घेता येते. सगळे बरोबर असेल तर २० दिवसांत निकाल लावणे भविष्यनिर्वाह निधी कार्यालयावर बंधनकारक आहे.

अडकते ते दोन ठिकाणी. पहिले म्हणजे नाव. दाखल्यावर ‘बाळासाहेब’, आधारवर ‘बाळू’ आणि फंडात तिसरेच, हे महाराष्ट्रात घरोघरी आहे. त्याची दुरुस्ती कंपनीमार्फत संयुक्त घोषणापत्राने आधी करून घ्यावी, दावा नंतर भरावा. दुसरे जास्त घातक आणि कमी दिसणारे आहे. माणूस गेल्यावर कंपनीला पोर्टलवर नोकरी संपल्याची तारीख आणि कारण भरावे लागते. घाईत कारकुनाने ‘मृत्यू’ऐवजी ‘राजीनामा’ किंवा ‘सेवासमाप्ती’ निवडले, तर फंड मिळतो पण विम्याच्या दाव्याला हरकत येते, कारण विमा सेवेतल्या मृत्यूचाच आहे. अर्ज देण्याआधी कंपनीकडून त्या स्क्रीनची प्रत मागून घ्या. तारीख मृत्यूच्या दाखल्याशी जुळते का आणि कारण काय लिहिले आहे, एवढेच पाहायचे.

ग्रॅच्युइटी राहिली. ती कंपनी देते, फंड कार्यालयाचा तिच्याशी संबंध नाही. मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची अट नाही. सूत्र सोपे आहे : शेवटचा पगार, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षे. २४ वर्षे साडेआठ महिने सेवा झाली, सहा महिन्यांहून जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून २५. हिशेब ३,१७,३०८ रुपये होतो. २०१८ पासून कमाल मर्यादा २० लाख आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७२च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. सूत्र आणि मृत्यूची सूट तशीच आहे, पण ‘वेतन’ कशाला म्हणायचे याची व्याख्या रुंदावली आहे. आपला फिटर २०२४ मध्ये गेला, म्हणून त्याला जुना कायदा.

ग्रॅच्युइटीचे नामनिर्देशन फॉर्म एफवर, स्वतंत्र असते. फंडाचा फॉर्म २ इथे चालत नाही. आणि आश्रित आई ग्रॅच्युइटीच्या कायद्यात आधीपासूनच ‘कुटुंब’ असल्याने, लग्न झाले म्हणून तिच्या नावाचा फॉर्म एफ आपोआप रद्द होत नाही! आपल्या उदाहरणात तो फॉर्म कंपनीकडे सापडलाच नाही. मग पैसे वारसांना, आणि वारस ठरवायचे ते वारसा कायद्याने. हिंदू उत्तराधिकार कायद्यात बायको, आई, मुलगा, मुलगी हे चौघे पहिल्या वर्गातले, समान हिश्शाचे. प्रत्येकी ७९,३२७. इथे मुलगाही आला आणि आजीही.

वारस दाखल्याची मागणी रास्त असलीच तर ती इथे, कारण उद्या पाचवा वारस उभा राहिला तर कंपनीला दुसऱ्यांदा पैसे द्यावे लागतील. तरी न्यायालयाचा दाखला काढायला महिने जातात. वाद नसेल तर तहसीलदाराकडचा वारसांचा दाखला, चौघांचे स्टँपपेपरवरचे संमतीपत्र आणि हमीपत्र यावर कंपन्या तयार होतात. तसे लेखी विचारा. वारसांचा अर्ज फॉर्म के वर, साधारण वर्षाच्या आत. मात्र अर्ज येईपर्यंत हात बांधून बसायची मुभा कंपनीला नाही. अर्ज असो नसो, रक्कम ठरवून कळवणे तिच्यावर बंधनकारक आहे, आणि ३० दिवसांनंतरच्या उशिराला व्याज द्यावे लागते. अर्ज नाकारला किंवा रक्कम कमी काढली तर ९० दिवसांत फॉर्म एन भरून नियंत्रक अधिकाऱ्याकडे जाता येते. त्यासाठी कंपनीला दिलेल्या प्रत्येक कागदाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का हवा. तोंडी ‘ठेवून जा’ म्हटलेल्या कागदाची तारीख पुढे सिद्ध करता येत नाही.

पुढील भाग : अंगणवाडी सेविका, कंत्राटी सफाई कामगार आणि ज्यांचा फंड ठेकेदाराने भरलाच नाही अशांची प्रकरणे.