भाताच्या शिताएवढी पेस्ट

टूथपेस्टच्या जाहिरातीत ब्रशच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेस्टची जाड लाट पसरलेली असते. मोठ्यांनासुद्धा एवढी पेस्ट लागत नाही. पण मुलं तेच पाहतात, आपणही त्यांच्या चिमुकल्या ब्रशवर तशीच रेघ ओढतो आणि मग दुकानात फ्लोराइड नसलेली पेस्ट शोधत बसतो. खरी चूक मात्रेत असते.

पहिला दात दिसल्यापासून तीन वर्षांपर्यंत शिजलेल्या भाताच्या शिताएवढी पेस्ट पुरते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दंतवैद्य 'वाटाण्याएवढी' म्हणतात, पण तो हिरवा टपोरा वाटाणा नव्हे. उसळीचा वाळका वाटाणा, तोही भिजण्याआधीचा, डोळ्यांसमोर ठेवावा. शिताएवढी पेस्ट साधारण ०.१ ग्रॅम भरते आणि वाटाण्याएवढी ०.२५ ग्रॅम. ब्रशभर ओढलेली रेघ मात्र सहज एक ग्रॅमपर्यंत जाते.

आता ट्यूबवरचा आकडा पाहू. भारतात फ्लोराइड असलेल्या पेस्टमध्ये ते १००० पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये आणि किती आहे ते ट्यूबवर व खोक्यावर छापणं बंधनकारक आहे. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड. समजा, अडीच वर्षांची, बारा किलो वजनाची मुलगी आहे. तिला अजून थुंकता येत नाही, म्हणून सगळी पेस्ट पोटात जाते असंच धरू. दिवसातून दोनदा रेघभर पेस्ट दिली, तर दोन मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात जाईल. तीच पेस्ट शिताएवढी दिली, तर फक्त ०.२ मिलिग्रॅम. पेस्ट तीच, मूल तेच, फरक दहापट.

हा फरक महत्त्वाचा का? या वयात हिरडीखाली कायमच्या पटाशीच्या दातांचं कवच तयार होत असतं. त्या काळात रोज जास्त फ्लोराइड पोटात गेलं, तर पुढे ते दात पांढऱ्या रेघा किंवा ठिपके घेऊन उगवतात. प्रमाण फारच वाढलं तर ते तपकिरी आणि खडबडीतही होतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे पेस्टची मात्रा अधिकच काटेकोर हवी आणि मुलाचा दंतवैद्य ती सांगेल तशी ठेवावी.

मग फ्लोराइड टाळूनच टाकावं का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. फ्लोराइडचं काम मुख्यतः दाताच्या पृष्ठभागावर होतं. किडीच्या आम्लाने झिजू लागलेलं कवच त्याच्यामुळे पुन्हा घट्ट होतं. ५०० पीपीएमच्या मुलांच्या पेस्ट मिळतात, पण त्या कीड रोखतात याचा पुरावा १००० पीपीएमइतका भक्कम नाही. सौम्य पेस्ट भरपूर लावण्यापेक्षा नेहमीची पेस्ट शिताएवढी लावणं केव्हाही बरं.

चवीचा प्रश्न इथेच येतो. पुदिन्याची पेस्ट लहान जिभेला झोंबते, मूल तोंड उघडत नाही. म्हणून स्ट्रॉबेरी किंवा बबलगमची पेस्ट आणली की ब्रश करणं सोपं होतं, पण पेस्ट चाखून, चोखून खाल्ली जाते. मूल ब्रश घासण्याऐवजी चोखत असेल, किंवा 'अजून दे' म्हणत असेल, तर चव फार आवडली आहे असं समजावं. अशा वेळी सौम्य पुदिन्याची किंवा बिनचवीची पेस्ट आणावी. ट्यूब नेहमी मोठ्यांच्याच हातात असावी, आणि 'गोड गोड खाऊ' असं कौतुक तर चुकूनही करू नये.

थुंकायला शिकवणं हे पेस्टशिवायच सुरू होतं. बहुतेक मुलांना ते तीन वर्षांच्या आसपास जमू लागतं, काहींना वेळ लागतो. आंघोळीच्या वेळी तोंडात घोटभर पाणी घेऊन ते मोरीत फुर्रकन टाकायचं, आधी आईने किंवा बाबांनी, मग मुलाने. मान खाली हवी. मान वर असली की पाणी घशात जातं आणि मूल ते गिळतं. पाणी जमलं की नुसत्या ओल्या ब्रशने घासून थुंकायचं, आणि तेही जमलं की पेस्ट लावायची. तोवर ब्रश झाल्यावर ओल्या सुती कापडाने तोंडातला फेस टिपून घ्यावा. थुंकता येऊ लागल्यावरही खळखळून चुळा भरायला लावू नये. त्यात पाणी गिळलं जातं आणि दातावर राहायला हवं ते फ्लोराइडही धुऊन जातं.

कधी मूल ट्यूबच चोखून बसलं, तर आधी किती पेस्ट गेली याचा अंदाज घ्यावा. फ्लोराइडच्या विषबाधेची धोक्याची पातळी दर किलो वजनामागे पाच मिलिग्रॅम धरतात. बारा किलोच्या मुलीसाठी ती साठ मिलिग्रॅम, म्हणजे १००० पीपीएमची जवळपास साठ ग्रॅम पेस्ट. थोडी पेस्ट गेली असेल, तर पोटात मळमळ किंवा दुखणं होऊ शकतं. अशा वेळी दूध द्यावं, त्यातलं कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवतं. उलटी मुद्दाम काढू नये. बरीच ट्यूब रिकामी दिसत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा मूल सुस्तावत असेल, तर दूध देऊन ट्यूब सोबत घ्यावी आणि थेट रुग्णालय गाठावं. ट्यूबवरचा पीपीएमचा आकडा डॉक्टरांना तिथे लागेल.