ऊस बेलापुरात, खटला जिनिव्हात

प्रवरेकाठच्या बेलापूरसारख्या ऊसपट्ट्यात एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान ऊसदर, कमी करण्याची भाषा कोणता पुढारी करेल? ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने 2019 मध्ये नेमकं त्यावर आणि निर्यात अनुदानावर जागतिक व्यापार संघटनेत बोट ठेवलं. उसाला मिळणारा आधार उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांची मर्यादा ओलांडतो, असा निकाल डिसेंबर 2021 मध्ये भारताविरुद्ध लागला. त्याच महिन्यात भारताने अपील केलं, तेही न्यायाधीशांअभावी 2019 पासून बंद पडलेल्या अपील मंडळाकडे! निकाल लटकला, एफआरपी टिकली. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी 1988 मध्ये मांडलेला ‘दुपदरी डाव’ तो हाच: घरचे मतदार मान्य करतील तेवढीच सूट परदेशाला देता येते.