जुन्या फोटोतला नवा कोट

आजोबांच्या जुन्या कृष्णधवल फोटोवर कोट चढवायचा, तर अडचण कोटाच्या मापाची नसते. डिजिटल कॅमेऱ्यातला कोट फार रेखीव आणि गुळगुळीत असतो, म्हणून तो चिकटवलेला दिसतो.

जुना फोटो ज्या क्रमाने खराब झाला, त्याच क्रमाने कोटही खराब करायचा. आधी लेन्सचा धूसरपणा, मग फिल्मचे कण, शेवटी जेपेगचे डाग. क्रम उलटला की धूसरपणा कणांनाही पुसून टाकतो.

कोट मापात बसवून फोटो भरपूर मोठा करून पाहा. समजा, कानाची कड काळ्यातून पांढऱ्यात जायला चार पिक्सेल घेते. कोटाच्या खांद्याची कडही तेवढेच पिक्सेल घेईपर्यंत गॉशियन ब्लर वाढवा.

कणांशी खरी झुंज असते. सॉफ्टवेअरचा नॉइज एकेका पिक्सेलचा असतो, स्कॅनमधला कण बहुधा दोन-तीन पिक्सेल पसरलेला. म्हणून नॉइज वेगळ्या थरावर, एकरंगी घ्यावा आणि किंचित धूसर करावा. प्रिंटवर कण करड्या छटांत उठून दिसतात, गडद काळ्यात जवळजवळ नाहीत. काळ्या कोटावर सरसकट कण पसरले की तो धुळकट दिसतो. तिथे ते कमीच ठेवा.

जेपेग चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडतो. म्हणून स्कॅन न कापता, न ताणता, मूळच्याच दर्जाने एकदा सेव्ह करा. नवे चौकोन जुन्यांवरच बसतात. मग कॉन्ट्रास्ट मुद्दाम खूप वाढवून बघा. कोट कुठे वेगळा पडत असेल, तर तो इथेच उघडा पडतो.